येन गेले, डॉलर आले नाहीत: चलन सौद्यातील सेटलमेंटची जोखीम आणि तिचे तास कसे मोजायचे

परकीय चलनाच्या बॅक ऑफिसमध्ये नव्याने येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात एक वाक्य ऐकायला मिळते: "सौदा टी प्लस टू आहे, म्हणजे जोखीम दोन दिवसांची." हे चुकीचे आहे, आणि चूक निरुपद्रवी नाही. सौदा झाल्यापासून पैशांची देवाणघेवाण होण्याच्या तारखेपर्यंतचे दोन दिवस, म्हणजेच टी प्लस टू, ही एक गोष्ट. आपले पैसे हातातून सुटल्यापासून समोरच्याचे पैसे खात्यात आल्याची खात्री पटेपर्यंतचा काळ ही दुसरी गोष्ट. बँक बुडण्याइतके नुकसान या दुसऱ्या काळात होते. तो काळ किती तासांचा आहे हे डीलरला माहीत नसते. पुण्या-मुंबईतल्या सेटलमेंट डेस्कवर बसणाऱ्याला ते माहीत असू शकते, कारण त्या काळाची दोन्ही टोके त्याच्याच हातात असतात.

हे एकाच सौद्यावर समजून घेऊ. आपल्या बँकेने सोमवारी, ९ जून २०२५ रोजी, दुसऱ्या एका बँकेकडून १ कोटी डॉलर विकत घेतले, भाव १५० येन (हिशेब सोपा राहावा म्हणून धरलेला). त्या बँकेला आपण 'ब' म्हणू. बुधवारी, ११ जूनला, आपण टोकियोत १५० कोटी येन द्यायचे आणि न्यूयॉर्कमध्ये १ कोटी डॉलर घ्यायचे. कन्फर्मेशनच्या संदेशातल्या महत्त्वाच्या ओळी पडद्यावर अशा दिसतात:

```
:30T:20250609
:30V:20250611
:36:150,
:32B:USD10000000,
:33B:JPY1500000000,
```

`30T` म्हणजे सौद्याची तारीख, `30V` म्हणजे व्हॅल्यू डेट, पैसे द्यायची-घ्यायची तारीख, `36` म्हणजे भाव. `32B` मध्ये आपण घेतलेले चलन आहे आणि `33B` मध्ये दिलेले. येनला पैशांचा भाग नसतो, म्हणून स्वल्पविरामानंतर काहीच नाही. हा MT300 संदेश नवख्याने शंभर वेळा वाचावा, कारण त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते जास्त महत्त्वाचे आहे. व्हॅल्यू डेट एकच लिहिली आहे, वेळ कुठेच नाही. येन किती वाजता द्यायचे आणि डॉलर किती वाजेपर्यंत यायला हवेत, हे कन्फर्मेशन सांगत नाही. टोकियोचा बुधवार आणि न्यूयॉर्कचा बुधवार हे दोन वेगळे बुधवार आहेत आणि सगळी जोखीम त्यांच्यातल्या फटीत असते.

गमावण्याचे दोन आकडे

'ब' बँक मंगळवारी सकाळी, म्हणजे आपण काही दिलेले नसताना, बुडाली असे धरा. आपण येन देणार नाही, तीही डॉलर देणार नाही. आपल्याला डॉलर हवेतच, म्हणून ते बाजारातून घ्यावे लागतील. तोवर भाव १५३ झाला असेल तर १ कोटी डॉलरमागे ३ कोटी येन जास्त जातील. नुकसान झाले, पण सौद्याच्या दोन टक्के. भाव आपल्या बाजूला सरकला असेल तर तेवढेही नाही.

आता तीच बँक बुधवारी संध्याकाळी बुडाली असे धरा. येन दुपारीच गेले, डॉलर आले नाहीत. आता प्रश्न ३ कोटींचा नाही, १५० कोटींचा आहे. आपण 'ब'च्या अवसायकाकडे दावा लावलेल्या शेकडो जणांपैकी एक होतो. काही वर्षांनी काही हिस्सा मिळेलही, पण तो किती आणि कधी हे आपल्या हातात नसते.

पहिल्या नुकसानीला बदली खर्च म्हणतात, दुसऱ्याला मुद्दलाची जोखीम. सौदा तोच, समोरची बँक तीच, आकडा मात्र पन्नास पट. म्हणूनच क्रेडिट विभाग प्रत्येक बँकेसाठी दोन वेगळ्या मर्यादा ठेवतो: सेटलमेंटच्या आधीच्या जोखमीची एक आणि सेटलमेंटची दुसरी. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दाखवणारा अहवाल समोर आला तर तो परत पाठवा, कारण त्यातून काहीच कळत नाही.

हे पहिल्यांदा उघड्यावर आले ते २६ जून १९७४ रोजी. कोलोनच्या हेरश्टाट बँकेचा परवाना जर्मन नियंत्रकाने काढून घेतला. जर्मनीतले त्या दिवसाचे आंतरबँक पेमेंट तोवर आटोपले होते आणि अनेक बँकांनी हेरश्टाटला मार्क देऊन टाकले होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. बदल्यात यायचे डॉलर हेरश्टाटचे तिथले खाते आणि पेमेंट सांभाळणाऱ्या करस्पाँडंट बँकेने, चेस मॅनहॅटनने, रोखले. आजही या जोखमीला हेरश्टाट जोखीम म्हणतात आणि बँकांच्या देखरेखीसाठीची बासेल समिती त्याच वर्षाच्या अखेरीस स्थापन झाली. घटनेचा गाभा साधा आहे: एका शहराचा दिवस संपला होता आणि दुसऱ्याचा नुकताच सुरू झाला होता.

तास मोजणे

१९९६ साली मध्यवर्ती बँकांच्या एका समितीने या काळाची मोजणी कशी करायची ते ठरवून दिले. पद्धत आजही तीच आहे. प्रत्येक पेमेंट पाच अवस्थांपैकी एकीत असते. आपण ते एकतर्फी थांबवू शकतो, ही पहिली. आता थांबवू शकत नाही आणि समोरचे पैसे यायची वेळही अजून झालेली नाही, ही दुसरी. पैसे यायला हवे होते, पण आले की नाही हे आपल्याला माहीत नाही, ही तिसरी. आले नाहीत हे कळले, ही चौथी. आले हे कळले, ही पाचवी. मुद्दल धोक्यात असते ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेत. नवखे फक्त दुसरी मोजतात. तिसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आपल्या सौद्याचे घड्याळ भारतीय वेळेत लावू. टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे आहे आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे.

येन द्यायचा दिवस बुधवार, पण येन देण्याची सूचना टोकियोतल्या करस्पाँडंटकडे आधीच गेलेली असते. ती कधीपर्यंत मागे घेता येते? समजा करार म्हणतो की आदल्या दिवशी टोकियोच्या संध्याकाळी ५ पर्यंत. म्हणजे मंगळवारी आपल्या दुपारी १.३० पर्यंत. त्यानंतर करस्पाँडंट विनंती ऐकेलही, पण तो बांधील नाही. म्हणून जोखमीचे घड्याळ मंगळवारी दुपारी १.३० ला सुरू झाले, पैसे प्रत्यक्षात बुधवारी गेले तरीही.

दुसरे टोक. डॉलर बुधवारी न्यूयॉर्कमध्ये यायचे. सौद्यात वेळ नसल्याने 'ब' ते तिथला दिवस संपेपर्यंत कधीही देऊ शकते. न्यूयॉर्कच्या डॉलर खात्याचा दिवस संध्याकाळी ६ ला संपतो असे धरू. ते झाले आपले गुरुवार पहाटेचे ३.३०. मंगळवार दुपारी १.३० ते गुरुवार पहाटे ३.३० म्हणजे ३८ तास. ही दुसरी अवस्था.

आता तिसरी. पहाटे ३.३० ला आपल्या डेस्कवर कोणी नसते. नोस्ट्रो खात्याचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या करस्पाँडंटकडच्या आपल्या डॉलर खात्याचे, स्टेटमेंट सकाळी येते, ताळमेळ लावणारी टीम ९.३० ला "डॉलर जमा" अशी खूण करते. तोवरचे सहा तास आपल्याला काहीच माहीत नाही. एकूण ४४ तास. सौदा "एका दिवसात सेटल झाला" असे आपण म्हणतो, पण १५० कोटी येन जवळजवळ दोन पूर्ण दिवस उघड्यावर होते.

नोव्हेंबर ते मार्च न्यूयॉर्कचे घड्याळ तासभर मागे जाते आणि जपानचे हलत नाही, त्यामुळे ३८ चे ३९ होतात. टेबलात वेळा एकदाच टाकून ठेवणाऱ्यांचे हे वर्षातून दोनदा चुकते.

आता यातून निघणारी, सगळ्यांत कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट. 'ब' बँकेशी रोज सरासरी १ कोटी डॉलरचा असाच सौदा असेल तर तिच्यावरची जोखीम १ कोटी नसते. गुरुवारच्या सौद्याचे घड्याळ बुधवारी दुपारी १.३० ला सुरू होते आणि बुधवारच्या सौद्याचे गुरुवारी सकाळी ९.३० ला थांबते. या वीस तासांत दोन्ही सौदे एकाच वेळी उघडे असतात, म्हणजे २ कोटी डॉलर. मर्यादा १ कोटी ५० लाखांची असेल तर रोज वीस तास ती ओलांडलेली असते आणि "त्या तारखेचे सौदे" एवढेच मोजणारा अहवाल ते कधीच दाखवत नाही.

शनिवार-रविवार तर वेगळाच. शुक्रवारच्या सौद्याचे डॉलर शनिवारी पहाटे ३.३० ला यायला हवेत, पण स्टेटमेंट बघायला माणूस सोमवारी ९.३० ला येतो. गुरुवार दुपारी १.३० पासून सोमवार सकाळी ९.३० पर्यंत मोजा: ९२ तास. त्यात शुक्रवारी दुपारी १.३० ला सोमवारच्या सौद्याचे घड्याळही सुरू झालेले असते. बँका बुडाल्याचे बऱ्याचदा शनिवार-रविवारी जाहीर होते, कारण बाजार बंद असताना नियंत्रकांना निर्णय जाहीर करणे सोयीचे असते. नेमक्या त्याच वेळी आपली जोखीम आठवड्यातली सर्वांत मोठी असते.

दोन्ही टोके आत ओढणे

पहिल्या टोकासाठी प्रत्येक चलनाच्या करस्पाँडंटला एकच प्रश्न लेखी विचारायचा: आमची सूचना किती वाजेपर्यंत तुम्ही हमखास थांबवाल? "सहसा जमते" हे उत्तर चालत नाही. हमी दिलेली वेळच घड्याळात धरायची. करस्पाँडंट बदलताना, वार्षिक करार नव्याने करताना ही वेळ पुढे ढकलून घेता येते. आदल्या दिवशीच्या संध्याकाळऐवजी त्याच दिवशीच्या सकाळपर्यंत आणली तर पंधरा-सोळा तास वाचतात आणि वर सांगितलेली दोन दिवसांची जोखीम एकमेकांवर चढणे बरेचसे कमी होते.

पण कराराची वेळ खरी असेलच असे नाही. बऱ्याच ठिकाणी आपलीच प्रणाली आड येते. पेमेंटची फाइल व्हॅल्यू डेटच्या दोन दिवस आधीच बाहेर पडते आणि त्यातले एकच पेमेंट अडवायचे कसे हे शिफ्टमधल्या कोणालाच ठाऊक नसते. करार मंगळवार दुपारपर्यंतचा आणि अडवू शकणारा माणूस सोमवारी संध्याकाळी घरी गेलेला, तर आपले घड्याळ सोमवारी संध्याकाळीच सुरू झाले असे समजा. डेस्कवर आल्यावर हे करून बघा: परवाच्या तारखेचे एखादे लहान पेमेंट निवडा, वरिष्ठांच्या परवानगीने ते अडवा आणि पुन्हा सोडा. किती मिनिटे लागली आणि किती जणांच्या मंजुऱ्या लागल्या ते लिहून ठेवा. ती मिनिटे तुमच्या हमीच्या वेळेतून वजा होतात.

दुसऱ्या टोकाला डॉलर लवकर आणणे आपल्या हातात नसते, पण ते आल्याचे लवकर कळणे असते. दिवसअखेरच्या स्टेटमेंटची वाट बघण्यापेक्षा जमा होताक्षणी येणारा संदेश घ्या, जुन्या पद्धतीत MT910 आणि नव्या पद्धतीत `camt.054`. करस्पाँडंट त्याचे पैसे घेतो. १५० कोटी येनांवरचे सहा तास आणि शनिवार-रविवारचे पन्नासच्या वर तास त्यातून कमी होतात, हे त्या बिलाशेजारी मांडा म्हणजे मंजुरी मिळते. मात्र संदेश आला आणि कोणी वाचला नाही, तर अनिश्चिततेची अवस्था संपलेली नाही. प्रणालीने तो आपोआप अपेक्षित रकमेशी जुळवायला हवा.

त्यासाठी दोन गोष्टी आधी नीट असाव्या लागतात. पहिली, स्थायी सेटलमेंट सूचना. कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात पैसे घ्यायचे, याची ही नोंद असते. समोरच्याने खाते बदलले आणि आपल्याकडे जुनी नोंद राहिली, तर पैसे जातात पण भलतीकडे. दुसरी, कन्फर्मेशन जुळणे. सौद्याच्याच दिवशी दोन्ही बाजूंचे MT300 जुळले नाहीत तर तो सौदा पेमेंटच्या रांगेत जाऊच देऊ नये. न जुळलेल्या सौद्यावर पैसे पाठवणे म्हणजे ज्याची खात्री नाही त्या देण्यासाठी मुद्दल उघडे टाकणे.

पैसे आले नाहीत म्हणून लगेच घाबरायचे नसते. भारतीय वेळेने रात्री ८ ला डॉलर आलेले नाहीत, याचा अर्थ काहीच नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा असतात. पहाटे ३.३० नंतरही आले नाहीत तर शोध आपल्याच घरापासून सुरू होतो: आपली खात्याची नोंद बरोबर होती का, मग आपल्या करस्पाँडंटच्या निर्बंध-तपासणीत नाव अडकले का, मग मधल्या बँकेकडे पैसे पडून आहेत का, आणि शेवटी 'ब'कडून सूचना निघालीच नाही का. बहुतेक वेळा कारण पहिल्या तिघांपैकी एक असते. 'ब'ने संदेशाची प्रत दाखवली तर तिच्यावरचा क्रमांक घेऊन आपल्या करस्पाँडंटकडे जा. प्रत म्हणजे पैसे नव्हेत.

प्रत्येक उशीर, कारण काहीही असो, बँकेच्या नावापुढे तारीख-वेळेसह लिहा. महिन्यातून एकदा उशीर करणारी बँक आठवड्यातून तीनदा करू लागली आणि पैसे दिवसाच्या अगदी शेवटच्या तासाला येऊ लागले, तर तिची रोकड ताणली गेली असण्याची शक्यता आहे. हे क्रेडिट विभागाला बातम्यांतून कळण्याआधी तुमच्या यादीत दिसते. ती यादी त्यांना नियमित द्या.

एकमेकांतले देणे वळते करणे

त्याच 'ब' बँकेशी त्याच बुधवारी दुसरा सौदा असू शकतो: आपण ८० लाख डॉलर १५१ येनने विकले. आता वेगवेगळी पेमेंट केली तर आपण १५० कोटी येन आणि ८० लाख डॉलर पाठवतो, आणि १ कोटी डॉलर व १२० कोटी ८० लाख येन यायची वाट बघतो. उघडी रक्कम साधारण १ कोटी ८० लाख डॉलरच्या किमतीची. दोन्ही वळते करून घेतले तर आपण फक्त २९ कोटी २० लाख येन देतो आणि २० लाख डॉलर घेतो. तास तेवढेच राहिले, पण रक्कम नवव्या हिश्श्यावर आली.

अट एकच: हे वळते करणे कायद्याने टिकायला हवे. दोन डेस्कनी फोनवर "फरक पाठवू या" असे ठरवले आणि करार नसला, तर 'ब' बुडाल्यावर अवसायक म्हणू शकतो की दोन सौदे वेगळे आहेत, फायद्याचा मी घेतो आणि तोट्याचा तुम्ही दाव्यात लावा. म्हणून आधी दोन्ही बँकांमधला मुख्य करार आणि त्यात त्या देशाच्या कायद्याबद्दलचे वकिलांचे मत, आणि मगच नेट पेमेंट. भारतात असे करार दिवाळखोरीतही टिकावेत म्हणून २०२० साली स्वतंत्र कायदा झाला.

दोन्ही बाजू एकाच क्षणी

उत्तम उपाय मात्र तास किंवा रक्कम कमी करणे हा नाही, दोन्ही पेमेंट एकमेकांना बांधणे हा आहे. सीएलएस ही संस्था सप्टेंबर २००२ पासून हेच करते. न्यूयॉर्कमधल्या या बँकेत सदस्य बँकांची सगळ्या चलनांची खाती असतात. आपले येन आणि 'ब'चे डॉलर त्यांच्या वहीत एकाच क्षणी बदलतात. एक बाजू झाली आणि दुसरी झाली नाही, असे होतच नाही. यासाठी जपान, युरोप आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकांच्या पेमेंट प्रणाली एकाच वेळी उघड्या असाव्या लागतात. ती वेळ मध्य युरोपाची सकाळी ७ पासूनची. उन्हाळ्यात ती आपल्या सकाळी साडेदहापासून आणि हिवाळ्यात साडेअकरापासून. त्याआधी अर्ध्या तासाला प्रत्येक सदस्याला कळते की त्याने दिवसभरात प्रत्येक चलनात एकूण किती भरायचे आहे. सौदे हजारो असले तरी भरायची असते ती प्रत्येक चलनातली निव्वळ रक्कम, आणि ती सौद्यांच्या बेरजेच्या मानाने फारच लहान असते.

इथे नवख्यांची एक समजूत दुरुस्त करायला हवी. सीएलएस सौदा पूर्ण होण्याची हमी देत नाही. 'ब'ने डॉलर भरले नाहीत तर आपला सौदा सेटल होत नाही आणि आपले येन आपल्याला परत मिळतात. मुद्दल वाचले. पण त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये आपल्याला १ कोटी डॉलर लागणार होते आणि ते नाहीत. ते तातडीने दुसरीकडून उभे करावे लागतील, भाव सरकला असेल तर बदली खर्चही आपलाच. म्हणून सीएलएसमधून जाणाऱ्या सौद्यांसाठी मुद्दलाच्या मर्यादेतला वापर शून्य दाखवणे ठीक, पण रोकडीच्या तयारीतून ते वगळू नका.

दुसरी मर्यादा चलनांची. सीएलएसमध्ये १८ चलने आहेत. येन, युरो, पौंड, सिंगापूर डॉलर, कोरियन वॉन आहेत. रुपया नाही, चिनी युआन नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीनुसार जगात रोज साधारण २.२ ट्रिलियन डॉलरची चलन देणी अशा कोणत्याही संरक्षणाशिवाय सेटल होत होती.

रुपयासाठी भारताची स्वतःची व्यवस्था आहे. बँकांमधले डॉलर-रुपयाचे सौदे मुंबईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे, म्हणजे सीसीआयएलकडे, नोव्हेंबर २००२ पासून जातात. ती दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी राहते, प्रत्येक बँकेचा निव्वळ आकडा काढते, कोणी किती ऋण जाऊ शकतो त्यावर मर्यादा ठेवते आणि मार्जिन घेते. तिथे आपली जोखीम 'ब'वर नसते, सीसीआयएलवर असते. पण युरो-रुपया किंवा दिरहम-रुपयाचा ग्राहकाशी केलेला सौदा या व्यवस्थेत नसतो. तिथे वरची ४४ तासांसारखी मोजणी पुन्हा हाताने करावी लागते. समोरचा कमकुवत असेल तर एकच अट ठेवा: आधी त्याचे पैसे आपल्या खात्यात, मग आपले. ग्राहक कुरकुर करतो, विशेषतः जुना असेल तर. तरी हा निर्णय सौद्याच्या वेळीच डीलरने घ्यायचा असतो. सेटलमेंटच्या दिवशी डेस्कने एकतर्फी अट घातली तर ती कराराचा भंग ठरू शकते.

ज्या सकाळी बातमी येते

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. लेहमन ब्रदर्सने न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतर दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सकाळी जर्मनीच्या सरकारी मालकीच्या केएफडब्ल्यू बँकेतून लेहमनला चलन अदलाबदलीपोटी ३० कोटी युरोंहून जास्त रक्कम गेली. पेमेंट आधीच रांगेत होते आणि कोणी ते अडवले नाही. शनिवार-रविवारभर बातम्या चालू होत्या, म्हणजे वेळ होता. नव्हती ती फक्त "या नावाचे सगळे थांबवा" ही एक कळ आणि ती दाबण्याचा अधिकार असलेला माणूस.

म्हणून अशा सकाळचा क्रम आधीच छापून ठेवतात. पहिल्यांदा 'ब'च्या नावावरची, तिच्या सगळ्या शाखा आणि उपकंपन्यांसकट, न सुटलेली पेमेंट एकगठ्ठा होल्डवर टाका. सीएलएसमधले सौदे या यादीतून वेगळे काढा, त्यांचा मार्ग वेगळा आहे. मग सुटलेल्या पेमेंटची यादी काढा आणि प्रत्येकापुढे हमीच्या वेळेपर्यंत किती मिनिटे उरली ते लिहा. सर्वांत कमी मिनिटे उरलेले पहिले. त्यांच्यासाठी रद्द करण्याचा संदेश, `camt.056`, पाठवा आणि लगेच करस्पाँडंटला फोन करा. संदेश ही नोंद आहे, काम फोनने होते. त्यांच्याकडच्या माणसाचे नाव आणि वेळ लिहा. हमीची वेळ उलटलेली असली तरी फोन करा, कारण प्रत्यक्षात पैसे सुटायला कधीकधी काही तास असतात.

होल्डवर टाकणे आणि पेमेंट न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे विसरू नका. होल्ड काही तासांचा असतो आणि तो डेस्क टाकू शकतो. द्यायचेच नाही हा निर्णय विधी विभागाचा. मुख्य करारात बहुधा असे कलम असते की समोरच्याने करारभंग केला असेल तर आपल्यावर देण्याची सक्ती राहत नाही. पण बातमी खोटी निघाली आणि आपण दिवस उलटेपर्यंत पैसे अडवून ठेवले, तर करार मोडणारे आपणच ठरतो. म्हणून होल्ड टाकल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत विधी विभागाला फोन, सोबत आकडे: किती अडवले, किती सुटले, किती यायचे आहे, कोणत्या चलनाचा दिवस किती वाजता संपतो.

आणि समजा या गोंधळात 'ब'कडून डॉलर आलेच, न्यूयॉर्कच्या दुपारी, अर्ज दाखल झाल्यानंतर. ते आपल्या खात्यात दिसतात म्हणून सौद्यापुढे "सेटल" अशी खूण करून आपले येन सोडू नका. दिवाळखोरीच्या वेळेनंतर आलेली रक्कम अवसायक परत मागू शकतो का, हे त्या देशाच्या कायद्यावर ठरते. रक्कम वेगळ्या नोंदीत ठेवा, जमा होण्याची नेमकी वेळ संदेशावरून मिनिटासह उतरवून घ्या आणि विधी विभागाचे लेखी उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नका.